सायलेन्सरमधून कुजक्या अंड्याचा वास आणि चेक लाइट : कन्व्हर्टर बदलायच्या आधी हे बघा

आमच्याकडे रत्नागिरीत महिन्यातून एखादी तरी गाडी येते जिच्या मालकाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की तुमचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा डबा, गेला, नवीन टाका. लक्षणं तीच, सिग्नलला उभं राहिलं की मागून कुजक्या अंड्यासारखा वास आणि मीटरमध्ये पिवळा इंजिनचा दिवा. आणि खर्च ऐकून माणूस निम्मा झालेला असतो. हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांनी कधी बॉनेट उघडून काही तपासलं नाहीये पण पैसे घालायच्या आधी नक्की काय बिघडलंय ते स्वतः बघायची इच्छा आहे. मी इथे पेट्रोल गाडीबद्दलच बोलतोय, डिझेलचं प्रकरण वेगळं.

आधी तो वास येतो कुठून ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पेट्रोलमध्ये अगदी थोडं गंधक असतंच. बीएस-६ पेट्रोल १ एप्रिल २०२० पासून देशभर आलं, त्यात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे, बीएस-४ मध्ये ती ५० होती. हे गंधक इंजिनात जळतं, त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि त्यातला काही भाग कन्व्हर्टरच्या आतल्या जाळीवर चिकटून साठत राहतो. मिश्रण बरोबर असेल, म्हणजे हवा आणि पेट्रोल मापात असेल, तर तुम्हाला काहीच कळत नाही. पण पेट्रोल जास्त झालं, ज्याला आम्ही गाडी रिच चालतेय म्हणतो, की कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन उरत नाही, उलट हायड्रोजन जास्त होतो, आणि तो साठलेल्या गंधकाला धरून हायड्रोजन सल्फाइड बनवतो. तोच तो अंड्याचा वास.

म्हणजे वास कन्व्हर्टरमध्येच तयार होतो हे खरं, पण तो तयार व्हायला कारण बहुतेक वेळा मिश्रण असतं. पूर्ण मेलेला किंवा काढून टाकलेला कन्व्हर्टर असेल तर सायलेन्सरमागे कच्च्या पेट्रोलचा, डोळे चुरचुरवणारा वास जास्त येतो. अंड्याचा वास येतोय याचा अर्थ आतली जाळी अजून काहीतरी काम करतेय. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, आधी मिश्रण तपासा, कन्व्हर्टरचा निकाल सगळ्यात शेवटी.

वास नक्की सायलेन्सरचाच आहे ना?

हे पहिलं काम, आणि यात दोन गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत म्हणून घाई करू नका. गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर त्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं आणि नवख्या नाकाला तो वास अंड्यासारखाच वाटतो. इंजिन बंद असताना डिकीत किंवा बॉनेटखाली वास येत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी उघड्यावर ठेवा, स्टार्टर मारू नका आणि किटवाल्यालाच बोलवा, पुढचं काहीही त्यानंतर.

दुसरं बॅटरी. अल्टरनेटर जास्त चार्जिंग करत असेल तर बॅटरी उकळते आणि तिलाही असाच वास येतो, पण तो पुढून येतो, बॉनेटमधून, मागून नाही. मल्टीमीटर लावा, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत, १५ च्या वर जात असेल तर तुमचा प्रॉब्लेम चार्जिंगचा आहे, इथे थांबा आणि अल्टरनेटर दाखवा. तेव्हा बॅटरीजवळ ठिणगी, बिडी-सिगारेट काही नको.

तिसरं, वास कधी येतो ते लिहून ठेवा. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना पाय पूर्ण दाबलेला असतो तेव्हा गाडी स्वतःच थोडं जास्त पेट्रोल टाकते, घाट संपला की मिनिटभर वास आला आणि गेला, दिवा नाही, तर काळजी करू नका. एखाद्या नवीन पंपावर टाकी भरल्यावरच वास सुरू झाला असेल तर ती टाकी संपवून दुसरीकडे भरून बघा. पण आयडलला रोज वास आणि वर दिवा असेल तर पुढे वाचा. (ई-२० पेट्रोलमुळे वास येतो असं बरेच जण म्हणतात, पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याने मिश्रण रिच नाही तर उलट लीनच्या, म्हणजे पेट्रोल कमी असण्याच्या, बाजूला जातं.)

आणि हो, हा दिवा स्थिर असेल तर तपासायला वेळ आहे. लुकलुकत असेल तर नाही. लुकलुकणं म्हणजे इंजिन मिसिंग करतंय, न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, आणि तो लालभडक होऊ शकतो. गाडी बाजूला घ्या, पण सड्यावर वाळलेल्या गवतात किंवा पेंढ्यावर नका उभी करू, एप्रिल-मे मध्ये खालून आग लागायला तेवढं पुरतं. तिथून टो करून आणा.

कोड वाचा, पण कोडवर विश्वास टाकून पार्ट मागवू नका

ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर आता हजाराच्या आत मिळतो, मोबाइलवर अॅप टाकायचं, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा. या वासात बहुतेक दोन कोड दिसतात, P0172 म्हणजे मिश्रण रिच आणि P0420 म्हणजे कन्व्हर्टर अपेक्षेपेक्षा कमी काम करतोय. दोन्ही एकदम आले की लोक P0420 बघून कन्व्हर्टर मागवतात. तसं करू नका, रिच धुरात कन्व्हर्टरचा ऑक्सिजनचा साठा रिकामा झालेला असतो त्यामुळे चांगलाही नापास होतो. आधी P0172 सोडवा, मग कोड पुसा, गाडी चालवा, आणि P0420 परत येतो का ते बघा. P0420 एकटाच असेल तरी खाली सांगितलेलं लाइव्ह रीडिंग एकदा बघाच.

कोड पुसायची घाई करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. कोडबरोबर गाडी त्या क्षणाचा फोटोच काढून ठेवते, अॅपमध्ये त्याला Freeze Frame म्हणतात, त्यात त्या वेळचं तापमान, आरपीएम, इंजिन किती वेळ चालू होतं हे सगळं असतं. कोड पुसला की तेही जातं. आधी स्क्रीनशॉट काढा.

आता मालगुंडच्या काकांच्या गाडीचं सांगतो, कारण यात सगळं एकामागोमाग आलं आणि कोकणात हे खूप होतं.

काका रिटायर्ड मास्तर, बीएस-४ ची छोटी पेट्रोल गाडी, घर समुद्रापासून दोनशे पावलांवर, गाडी माडाखाली उघड्यावर. आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला येणं-जाणं. मे महिन्यात आले आणि म्हणाले, "अरे, दुसरीकडे दाखवली, कन्व्हर्टर गेला म्हणतात, चाळीस हजार सांगतायत. तू एकदा बघ, मग काय ते ठरवूया." मी विचारलं अॅव्हरेज किती पडतंय, तर आधी सतरा मिळायचं ते आता बारा. आणि मग त्यांनीच सहज सांगितलं की तो निळा दिवा, थंड इंजिनचा, हल्ली जातच नाही लवकर, कधी कधी रत्नागिरी येईपर्यंत असतो. एवढ्यावरच माझं लक्ष तिकडे गेलं.

कोड दोनच, P0172 आणि P0420. फ्रीझ फ्रेम उघडली. इंजिन चालू होऊन १४६० सेकंद झालेले, म्हणजे चोवीस मिनिटं, आणि कूलंटचं तापमान ४३ डिग्री. चोवीस मिनिटं चाललेलं चांगलं इंजिन ४३ वर असू शकत नाही, ८५ ते ९५ च्या आसपास हवं. म्हणजे एकतर थर्मोस्टॅट, इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडा अडकलाय आणि इंजिन खरंच थंड चाललंय, नाहीतर इंजिन गरम आहे पण कॉम्प्युटरला थंड सांगितलं जातंय. रेडिएटरची वरची रबरी नळी हाताला चटका देत होती. म्हणजे दुसरं.

हे का महत्त्वाचं? थंड इंजिनात पेट्रोल नीट उडत नाही म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त टाकतो, जुन्या गाड्यांना चोक ओढायचो ना तसंच. तापमानाचा सेन्सर खोटं बोलला की चोक दिवसभर ओढलेलाच राहतो.

मग फ्युएल ट्रिम. अॅपमध्ये STFT आणि LTFT अशा दोन ओळी असतात, पहिली या क्षणाची दुरुस्ती, दुसरी शिकून ठेवलेली. शून्याच्या दोन्ही बाजूंना दहापर्यंत चालतं. उणे म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल कमी करतोय कारण कन्व्हर्टरच्या आधीचा, पुढचा ऑक्सिजन सेन्सर रिच सांगतोय. काकांच्या गाडीत LTFT आयडलला उणे २३ आणि अडीच हजार आरपीएमला उणे २०. दोन्ही ठिकाणी जवळपास सारखंच, हे लक्षात ठेवा. आयडलला उणे आणि रेस दिल्यावर शून्याकडे आलं असतं तर मी गळका इंजेक्टर किंवा टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते शोधलं असतं, कारण ती गळती ठरावीक असते आणि इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की तिचा हिस्सा कमी होतो. सगळीकडे सारखं उणे म्हणजे कॉम्प्युटरचा हिशोबच चुकतोय, तापमान, हवेचा दाब मोजणारा सेन्सर किंवा फ्युएल प्रेशर यांपैकी काहीतरी.

एक फसवणारी गोष्ट इथेच सांगतो. ट्रिम अधिक दिसतोय, +२० वगैरे, आणि तरी अंड्याचा वास आहे, असं झालं तर वेडं झाल्यासारखं वाटतं. खाऱ्या हवेत मॅनिफोल्डचा गॅस्केट किंवा पुढचा पाइप गंजून पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीक चीर पडते, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर म्हणतो लीन, कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवत जातो आणि गाडी खरोखर रिच होते. सकाळी थंड इंजिन चालू केल्या केल्या पुढून टकटक असा फुसफुसणारा आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल तर ही चीर शोधा, काजळीचा काळा डाग दिसतो.

सकाळची परीक्षा

काकांना गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवायला सांगितली. ही परीक्षा कुणीही घरी करू शकतो आणि मला ती सगळ्यात आवडते. सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करायची आणि अॅपमध्ये कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, ECT आणि IAT, शेजारी शेजारी बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही सारखं हवं, तीन-चार डिग्रीचा फरक चालेल. माझ्या स्क्रीनवर हवा २७ आणि कूलंट १८. मे महिन्यात रत्नागिरीत सकाळी १८ डिग्री! पाण्याला हवेपेक्षा थंड होता येत नाही, म्हणजे खोटं कोण बोलतंय ते ठरलं.

पण सेन्सर की वायर? इथेच लोक सेन्सर बदलतात आणि दिवा परत येतो. चावी बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढला. या सेन्सरचं तत्त्व सोपं आहे, थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० ला तीनशेच्या आसपास, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. काकांचा सेन्सर २७ डिग्रीला १८५० ओहम दाखवत होता, म्हणजे सेन्सर ठणठणीत.

मग कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये छोटी वायर घालून त्या जोडल्या आणि चावी ऑन केली. (पंख्यापासून हात लांब ठेवा, तो अचानक सुरू होऊ शकतो.) वायरिंग चांगली असेल तर स्क्रीनवर तापमान एकदम वरच्या टोकाला, १२० च्या पुढे जातं, कारण रेझिस्टन्स शून्य झाला. इथे ते ५० वर जाऊन थांबलं. म्हणजे सेन्सर बाजूला ठेवला तरी वाटेत कुठेतरी आठशे ओहम बसलेलेच आहेत. हेच आठशे गरम इंजिनात सेन्सरच्या अडीचशेत मिसळले की कॉम्प्युटरला ४२-४३ डिग्री वाटतं, आणि सकाळच्या १८५० मध्ये मिसळले की १८. दोन्ही आकडे जुळले तेव्हा मला खरंच आनंद झाला, कारण मग शंका उरत नाही.

कनेक्टरचं रबर मागे ओढलं तर एक पीन हिरवीगार. मोरचूद लागल्यासारखी. रबरी सील एका बाजूला फाटलेलं, तिथून खारी दमट हवा आत जात होती आणि वायर टोकापासून बोटभर काळी पडलेली. नुसतं क्लिनर मारून असं काम टिकत नाही, वायर तांबूस चमकदार लागेपर्यंत मागे कापावी लागते. नवीन कनेक्टर वायरसकट मिळतो, तीनशे ऐंशी रुपयांना आला, सोल्डर केला, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली आणि पिनांवर इलेक्ट्रिकल ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. इंजिन चालू करून गरम केलं, रीडिंग ८९, निळा दिवा पाचेक मिनिटांत गेला, आणि रेडिएटरचा पंखा लागला. पंख्याचं मुद्दाम सांगतोय, कारण बऱ्याच गाड्यांत पंखा याच सेन्सरच्या सांगण्यावर चालतो, त्यामुळे असा खोटा थंडपणा घेऊन ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात तर मीटर थंड दाखवत असतानाच इंजिन तापून हेड गॅस्केट जाऊ शकतो. काकांचा रस्ता मोकळा, समुद्राचा वारा लागायचा, म्हणून वाचले.

दुरुस्तीनंतर लगेच वास गेला नाही तर घाबरू नका

कोड पुसल्यावर शिकलेले ट्रिमही बहुतेक गाड्यांत पुसले जातात. काकांच्या गाडीत दोनशे किलोमीटरनंतर LTFT उणे ३ वर स्थिर झालं. वास मात्र तीन दिवस थोडा थोडा येत राहिला, कारण जाळीवर साठलेलं गंधक जळायला वेळ लागतो. त्यासाठी गाडी मुंबई-गोवा हायवेला अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवायला सांगितली, कन्व्हर्टर नीट गरम झाला की साठा निघून जातो. मिसिंग असताना हे अजिबात करायचं नाही.

डिपस्टिकही काढून बघा. बरेच दिवस रिच चाललेल्या गाडीत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वाढलेली दिसते आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो. काकांचं ऑइल खुणेच्या वर गेलं होतं, लगेच बदललं. प्लगही काजळीने काळे होते, साफ करून परत लावले.

आता कन्व्हर्टरचा निकाल. इंजिन पूर्ण गरम, अडीच हजार आरपीएम धरून अॅपमध्ये दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचा आलेख लावायचा. जुन्या पद्धतीचा सेन्सर असेल तर पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो आणि मागचा ०.६-०.७ वर जवळपास सरळ राहतो. मागचा पुढच्याची नक्कल करायला लागला, तसाच वरखाली, तर आतला ऑक्सिजनचा साठा गेलाय आणि तेव्हा कन्व्हर्टर बदलायचा विचार योग्य. काही नवीन गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा असतो, त्याचा आकडा असा नाचत नाही, तिथे फक्त मागचा सरळ आहे का ते बघा. शिवाय गाडी थंड असताना कन्व्हर्टरवर हाताची मूठ हलके ठोका, खुळखुळा वाजला तर जाळी तुटलीय, मग आलेख बघायची गरजच नाही. आत पाइप घालून पोकळ करून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, P0420 कायमचा बसतो आणि पीयूसीला बीएस-४ व पुढच्या पेट्रोल गाडीची आयडलची कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, ती पाळणं मुश्कील होतं. हा गॅस बिनवासाचा आणि जीवघेणा, म्हणून रिच चाललेली गाडी बंद पडवीत किंवा शेडमध्ये चालू ठेवून काहीही तपासू नका. अंड्याच्या वासाचंही तसंच, थोड्या वेळाने नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं.

काकांचा मागचा सेन्सर ०.६५ वर सरळ रेषेत होता. P0420 परत आला नाही, जुना कन्व्हर्टरच आहे.

दिवाळीच्या आधी ते सर्व्हिसिंगला आले तेव्हा मी पावसाळ्यानंतर तो कनेक्टर मुद्दाम उघडून बघितला. पिना स्वच्छ, ग्रीस तसंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावी ऑन केल्यावर हवा २५, कूलंट २५. बाजूच्या हवेच्या सेन्सरच्या कनेक्टरला मात्र हिरवट छटा दिसायला लागली होती, तोही तेव्हाच कापून नवीन लावला.